रेझ्युमेची फाइल कशी बनवायची, नाव काय द्यायचं आणि रिक्रूटरच्या मेलमध्ये काय लिहायचं

आमच्या ऑफिसात मागे अकाउंट्सची एक जागा निघाली होती. एचआरच्या ताई नेमक्या रजेवर, म्हणून मेलवर आलेले रेझ्युमे एका फोल्डरमध्ये उतरवून साहेबांकडे द्यायचं काम दोन दिवस माझ्याकडे आलं. त्या दोन दिवसांत मला जे कळलं ते मी स्वतः नोकरी शोधत होते तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझे किती अर्ज वाया जायचे वाचले असते, म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

झालं असं की मी एकेक मेल उघडून फाइल डाउनलोड करत गेले आणि संध्याकाळी फोल्डर उघडला तर त्यात Resume.pdf, Resume (1).pdf, Resume (2).pdf असं करत करत थेट Resume (23).pdf पर्यंत फायली. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, ती चिंचवडला राहणारी, टॅली-जीएसटी दोन्ही येणारी मुलगी होती ना, तिचा रेझ्युमे आधी दे. आता ती चिंचवडला राहते हे तिने मेलमध्ये लिहिलं होतं, रेझ्युमेवर पत्ता गावाकडचा, आणि फाइलचं नाव नुसतं Resume. मी एकेक फाइल उघडून शोधत बसले, सापडली म्हणून बरं, पण रोज शंभर मेल येतात तिथे कुणी एवढं शोधत बसणार नाही.

तर पहिल्यांदा हे डोक्यात ठेवा की मेल आणि फाइल यांची ताटातूट होते. तुम्ही दोन्ही एकत्र पाठवता पण समोरचा माणूस फाइल उतरवून घेतो, ती पुढे मॅनेजरकडे जाते, कधी व्हॉट्सअॅपवर जाते, आणि मेल मागे इनबॉक्समध्ये राहतो. म्हणून फाइल एकटी पडली तरी ओळखू आली पाहिजे, आणि मेल असा हवा की फाइल न उघडताच कळावं की ही उघडण्यासारखी आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

आधी हाताशी काय काय हवं

- रेझ्युमेची मूळ फाइल, म्हणजे वर्ड किंवा गूगल डॉक्समधली, जिच्यात बदल करता येतात ती. सायबर कॅफेतून किंवा डीटीपीवाल्याकडून रेझ्युमे बनवून घेतला असेल तर नुसती प्रिंट आणि पीडीएफ घेऊन येऊ नका, मूळ फाइलपण मागून घ्या.
- नोटपॅड, किंवा मोबाइलवर कुठलंही साधं नोट्सचं अॅप
- क्रोम ब्राउझर
- स्वतःचाच दुसरा मेल आयडी किंवा घरातल्या कुणाचा, चाचणीसाठी
- नोकरीची जाहिरात समोर उघडी
- नोकरी चालू असेल तर ऑफर लेटर, पगाराचे आकडे बघायला

१. पीडीएफ की वर्ड, हे आधी जाहिरातीत बघा

जाहिरातीत फॉरमॅट लिहिलेला असेल तर तोच पाठवायचा, तिथे आपली अक्कल चालवायची नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर पीडीएफ. वर्डची फाइल तुमच्या लॅपटॉपवर छान दोन पानांत बसलेली असते, पण तुम्ही वापरलेला फॉन्ट समोरच्याकडे नसला की वर्ड दुसरा फॉन्ट घालतं, ओळी सरकतात, आणि तिसऱ्या पानावर फक्त तुमची सही आणि तारीख जाऊन पडते. मोबाइलवर उघडली तर तक्त्यांचं आणखी वेगळंच काहीतरी होतं. पीडीएफमध्ये फॉन्ट आणि मांडणी फाइलीतच असते म्हणून ती सगळीकडे सारखी दिसते.

मग वर्ड कधी? प्लेसमेंट कन्सल्टन्सीवाले बऱ्याचदा फोनवर सांगतात की वर्डमध्ये पाठवा. सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं, फसवाफसवी तर नाही ना असं वाटायचं. पण त्याला साधं कारण आहे, ते तुमचा रेझ्युमे कंपनीला पाठवताना स्वतःच्या लेटरहेडवर घेतात आणि तुमचा नंबर आणि मेल आयडी काढून टाकतात, म्हणजे कंपनी परस्पर तुम्हाला फोन करणार नाही. पीडीएफमध्ये हे करणं त्यांना जिकिरीचं जातं. त्यामुळे मागितलं तर .docx द्या, जुनं .doc नको. आणि देण्याआधी Review मध्ये जाऊन कुणी केलेल्या दुरुस्त्या आणि कॉमेंट शिल्लक नाहीत ना ते बघा. मित्राने तपासून दिलेल्या रेझ्युमेत बाजूला लाल अक्षरात "हे खरं आहे का?" अशी कॉमेंट तशीच राहिलेली मी त्या दोन दिवसांत बघितलीये, मला त्या मुलासाठी फार वाईट वाटलं.

जेपीजी फोटो, झिप फाइल, पासवर्ड घातलेली पीडीएफ, यातलं काहीही पाठवू नका. पासवर्ड मेलमध्ये लिहिला तरी फाइल पुढे गेली की पासवर्ड मागेच राहतो.

२. पीडीएफ बनवा, स्कॅन करू नका

इथे भरपूर लोक फसतात कारण दोन्हींचं एक्स्टेन्शन .pdf च असतं. प्रिंट काढून, सही करून, मोबाइलच्या स्कॅनर अॅपने फोटो घेऊन केलेली पीडीएफ ही खरं तर पानाचा फोटो असते, तिच्यात अक्षरं नसतात. मोठ्या कंपन्यांमध्ये आणि नोकरीच्या पोर्टलवर रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्यातून नाव, नंबर, अनुभव, कौशल्यं वेगळी काढून ठेवतं. मग रिक्रूटर "TDS" किंवा "Tally" असं टाइप करून शोधतो. फोटोवाल्या फाइलमध्ये शोधायला काहीच नसतं, म्हणजे तुम्ही टॅली उत्तम येतं असं लिहिलेलं असूनही त्या यादीत नसण्याचीच शक्यता जास्त.

बरोबर पद्धत सोपी आहे:

- वर्डमध्ये: File > Save As, आणि खाली Save as type मध्ये PDF निवडा.
- गूगल डॉक्समध्ये कॉम्प्युटरवर: File > Download > PDF Document (.pdf)
- गूगल डॉक्सच्या मोबाइल अॅपमध्ये: वरचे तीन टिंब, मग Share & export, मग Save as आणि PDF Document

रेझ्युमेवर सहीची गरज नाही. खालचं "वरील माहिती खरी आहे" वालं डिक्लेरेशन आणि सही ही जुनी पद्धत आहे, खाजगी नोकरीत ते कुणी मागत नाही, आणि त्या एका सहीपायी लोक अख्खा रेझ्युमे स्कॅन करून बसतात.

साइज एक एमबीच्या आत राहू द्या. नुसत्या अक्षरांची दोन पानी पीडीएफ तशीही काहीशे केबीच असते, फुगते ती बहुतेक वेळा मोबाइलने काढलेला फोटो तसाच चिकटवल्यामुळे. नोकरी डॉट कॉमवर अपलोड करतानाही मर्यादा २ एमबीची आहे, म्हणजे एकच फाइल दोन्हीकडे चालेल.

३. नोटपॅडची परीक्षा

हे करायला एक मिनिट लागतो आणि माझ्या मते या सगळ्या लेखात सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. पीडीएफ उघडा, Ctrl+A, मग Ctrl+C, नोटपॅड उघडून Ctrl+V. आता जे दिसतंय ते शांतपणे वाचा, कारण सॉफ्टवेअरला साधारण असंच दिसतं.

काहीच पेस्ट झालं नाही तर तुमची फाइल फोटो आहे, पायरी २ वर परत जा.

पेस्ट झालं पण गोंधळ आहे, म्हणजे अनुभवाच्या ओळीत कौशल्यं घुसलीयेत, असं काहीतरी:

```
Accounts Executive Tally
June 2022 to GST
present Excel
```

तर तुमच्या रेझ्युमेत दोन कॉलम आहेत आणि ते वाचताना एकमेकांत मिसळतायत. डावीकडे रंगीत पट्टा, त्यात फोटो आणि कौशल्यं, उजवीकडे अनुभव, असे टेम्प्लेट दिसायला देखणे असतात, मीपण वापरला होता, पण अनुभव कुठला आणि कौशल्य कुठलं हे वेगळं होत नसेल तर त्या देखणेपणाचा उपयोग नाही. सरळ एका कॉलमात आणा.

आणि एक खास बघा, तुमचा मोबाइल नंबर पेस्ट झालेल्या मजकुरात आहे का? बरेच जण नाव-नंबर वर्डच्या हेडरमध्ये टाकतात म्हणजे प्रत्येक पानावर आपोआप यावं, आणि काही सॉफ्टवेअर हेडर-फूटर वाचतच नाहीत. हे मात्र नोटपॅडमध्ये नेहमी पकडलं जात नाही, म्हणून नाव, नंबर आणि मेल आयडी पहिल्या पानाच्या मुख्य मजकुरात पहिल्या दोन-तीन ओळींत साध्या अक्षरांत असू द्या. फोनचं नुसतं चित्र आणि शेजारी नंबर असेल तर चालेल, पण नंबर स्वतः अक्षरांत हवा, चित्रात नको.

मराठीतून रेझ्युमे देणाऱ्यांसाठी, म्हणजे शाळा, वर्तमानपत्र, पतसंस्था वगैरे: डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर पीडीएफमध्ये सुंदर मराठी दिसेल पण नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा येईल. त्याला युनिकोडमध्ये टाइप करून द्यायला सांगा, मंगल, कोकिळा असा कुठलाही युनिकोड फॉन्ट चालतो.

४. फाइलचं नाव

समजा तुमचं नाव स्नेहल पाटील आणि तुम्ही अकाउंट्सच्या जागेसाठी अर्ज करताय. नाव असं:

```
Snehal_Patil_Accounts.pdf
```

आधी नाव, मग आडनाव, मग काम. बस. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं म्हणून कुणी Patil_Snehal करतात, त्यानेही काही बिघडत नाही, फक्त रेझ्युमेवर, मेलच्या खाली आणि फाइलवर तिन्ही ठिकाणी क्रम आणि स्पेलिंग एकच ठेवा. आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे, पवार एवढे आहेत की एकाच फोल्डरमध्ये दोन स्नेहल पाटील येणं अगदी शक्य आहे. तसं आडनाव असेल तर मधलं अक्षर किंवा वडिलांचं नाव घाला, Snehal_R_Patil_Accounts.pdf असं. अनुभवाची वर्षं नावात घालायची असतील तर 2yrs असं शेवटी चालतं, पण पुढच्या वर्षी ते बदलायचं लक्षात ठेवावं लागतं, मी घालत नाही. जाहिरातीत जॉब कोड दिला असेल तर मात्र तो नावात जरूर घाला.

काय घालू नका ते कारणासकट सांगते:

- final, new, latest, updated. final_2 हा शब्द तुमच्यासाठी आहे, समोरच्याला त्यातून एवढंच कळतं की आधीचे पण काही आहेत.
- कंपनीचं नाव. आज एका कंपनीसाठी घातलेलं नाव उद्या दुसरीकडे तसंच जातं, घाईत हटकून जातं.
- तारीख किंवा साल. 2023 लिहिलेली फाइल उघडण्याआधीच जुनी वाटते.
- देवनागरी अक्षरं. वाचायला आपल्याला छान, पण काही जुन्या सिस्टीममध्ये त्याजागी प्रश्नचिन्हं किंवा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते. मजकूर मराठीत असला तरी फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा, आणि स्पेसच्या जागी अंडरस्कोर किंवा आडवी रेघ.

विंडोजमध्ये आणखी एक चकवा आहे. एक्स्टेन्शन लपवलेलं असतं, त्यामुळे तुम्ही नाव बदलताना स्वतः .pdf टाइप करता आणि फाइल होते Snehal_Patil_Accounts.pdf.pdf, किंवा त्याहून वाईट म्हणजे वर्डच्या फाइलला नाव दिलं जातं Snehal_Patil_Accounts.pdf.docx आणि तुम्हाला वाटत राहतं की आपण पीडीएफ पाठवली. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून View > Show > File name extensions वर टिक करा, मग खरं नाव दिसेल. नुसतं नाव बदलून वर्डची पीडीएफ होत नाही हेही इथेच सांगून ठेवते.

५. फाइलच्या पोटातलं नाव

हे मला एका इंटरव्ह्यूमध्ये कळलं. समोरच्या सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि विचारलं, हा रेझ्युमे तुमचाच ना? पानावर सगळं माझं, नाव माझं, फोटो माझा, आणि वर क्रोमच्या टॅबवर माझ्या आतेभावाचं नाव. मला काय बोलावं सुचेना. मी त्याचीच वर्डची फाइल घेऊन त्यात माझी माहिती भरली होती, फाइलचं नावही बदललं होतं, मग हे आलं कुठून?

तर पीडीएफला बाहेरच्या नावाशिवाय आत एक Title असतं, आणि क्रोममध्ये पीडीएफ उघडली की टॅबवर ते दिसतं, फाइलचं नाव नाही. वर्डच्या फाइलमध्ये जे Title असतं तेच पीडीएफमध्ये उतरतं, आणि फाइलला कितीही वेळा नवं नाव दिलं तरी आतलं तसंच राहतं. इंटरनेटवरून घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये तिथे टेम्प्लेटचं नाव असू शकतं.

बदलायचं असं: वर्डमध्ये File > Info, उजव्या बाजूला Properties खाली Title दिसेल, तिथे स्वतःचं नाव लिहा, Author मध्ये दुसऱ्याचं नाव असेल तर तेही बदला, सेव्ह करा आणि मग पीडीएफ नव्याने काढा. गूगल डॉक्समध्ये वर डावीकडे डॉक्युमेंटचं जे नाव असतं, Untitled document किंवा Copy of वगैरे, ते आधी नीट करा. झालं की पीडीएफ क्रोममध्ये ओढून टाका आणि टॅबकडे बघा.

६. मेल: आधी फाइल, मग मजकूर, पत्ता सगळ्यात शेवटी

मी हाच क्रम पाळते. To मध्ये पत्ता नसला की अर्धवट मेल चुकून जाऊच शकत नाही.

फाइल जोडताना पेपरक्लिपचं चिन्ह वापरा. मोबाइलवर शेजारीच ड्राइव्हमधून घालायचा पर्याय असतो, तिथून नुसती लिंक गेली आणि फाइलची परवानगी Restricted असली तर समोरच्याला रेझ्युमे दिसत नाही, Request access चं पान दिसतं. तो परवानगी मागत नाही, पुढच्या मेलवर जातो. जोडल्यावर खाली फाइलचं नाव आणि साइज दिसतं ते वाचा, जुनी आवृत्ती तर नाही ना.

विषय कधीही रिकामा नको आणि नुसतं Resume किंवा Job पण नको. जाहिरातीत विषय कसा लिहायचा ते दिलं असेल तर अक्षर न् अक्षर तसंच, कारण त्यांनी त्यावर फिल्टर लावलेला असू शकतो. नाहीतर असं:

```
Accounts Executive - Snehal Patil - 2 yrs - Chinchwad
```

जागेचं नाव जाहिरातीत जे आहे तेच वापरा, तिथे अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह असेल तर तुम्ही अकाउंटंट लिहू नका, रिक्रूटर एका वेळी पाच-सहा जागा बघत असतो.

७. मजकुरात नेमकं काय लिहायचं

रिकामा मेल आणि नुसती फाइल, हे समोरच्याला उद्धट वाटतं आणि असा मेल स्पॅममध्येही जाऊ शकतो. दुसरं टोक म्हणजे पानभर कव्हर लेटर, मेहनती आहे, टीममध्ये काम करते, आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळावी. ते कुणी वाचत नाही, मीही त्या दोन दिवसांत वाचलं नाही, कारण सगळ्यांचं सारखंच होतं. मी जे शोधत होते ते चारच गोष्टी होत्या: कुठल्या जागेसाठी, काय येतं, राहतात कुठे, कधी येऊ शकतील. शेवटच्या दोन बऱ्याचदा रेझ्युमेत नसतातच, म्हणून त्या मेलमध्ये हव्यातच.

एक उदाहरण पूर्ण देते. खाजगी कंपनीत मेल बहुतेक इंग्रजीतच जातो, पण मी मुद्दाम मराठीत देतेय, इंग्रजी नमुना दिला की तोच जसाच्या तसा चिकटवला जातो आणि रिक्रूटरकडे एकाच शब्दांतले वीस मेल येतात. मुद्दे घ्या, वाक्यं तुमच्या साध्या इंग्रजीत लिहा. जाहिरातच मराठीत असेल तर मेलही मराठीत खुशाल पाठवा.

> नमस्कार मॅडम,
>
> तुमच्या भोसरीच्या ऑफिससाठी अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जाहिरात पाहिली, त्या जागेसाठी अर्ज करत आहे.
>
> मला अकाउंट्सचा २ वर्षांचा अनुभव आहे. सध्या ऑटो पार्ट्सच्या डीलरकडे टॅलीमधल्या रोजच्या नोंदी, बँकेचा ताळमेळ आणि दर महिन्याच्या जीएसटीआर-१ आणि ३बी ची तयारी मी करते. जाहिरातीत टीडीएस विचारलं आहे, चलन भरण्याचं काम मी करते, रिटर्न अजून स्वतः भरलेलं नाही.
>
> राहण्याचं ठिकाण: चिंचवड
> नोटीस पिरियड: ३० दिवस
> सध्याचा सीटीसी: वार्षिक ३.३ लाख
> अपेक्षित: वार्षिक ४ लाख
>
> रेझ्युमे पीडीएफमध्ये जोडला आहे. फोन संध्याकाळी ६ नंतर कधीही चालेल, ऑफिसच्या वेळेत मेसेज केलात तर मी लगेच उलट फोन करेन.
>
> स्नेहल पाटील
> मोबाइल नंबर

आता यातल्या काही ओळींबद्दल. टीडीएसची ओळ बघा. जाहिरातीत मागितलेली एक गोष्ट तुम्हाला पूर्ण येत नाही तर लपवू नका, किती येतं ते लिहा. यामुळे अर्ज कापला जाईल अशी भीती वाटते खरी, पण पहिल्याच फोनवर ते विचारलंच जातं आणि तिथे अडखळणं जास्त महागात पडतं.

फोनची वेळ लिहिणं मला फार गरजेचं वाटतं. नोकरी चालू असताना दुपारी बाराला फोन येतो, शेजारी सीनियर बसलेला, तुम्ही कट करता, आणि रिक्रूटर यादीतल्या पुढच्या नावाला फोन लावतो.

पगाराचे दोन आकडे जाहिरातीत मागितले असतील तरच लिहा, नसतील तर मी त्या दोन ओळी काढून टाकेन. पण लिहाल तर सीटीसी म्हणजे काय ते बघून लिहा. हातात २४,००० येतात म्हणून १२ ने गुणून २.८८ लाख लिहिणं ही नेहमीची चूक आहे. सीटीसीमध्ये तुमच्या पगारातून कापला जाणारा पीएफ तर असतोच, वर कंपनीने भरलेला पीएफ आणि बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटीपण धरलेली असते, त्यामुळे ऑफर लेटरच्या शेवटच्या तक्त्यात तोच आकडा ३.३ लाख असू शकतो. तुम्ही २.८८ सांगितलं की पुढची वाढ त्याच आकड्यावर मोजली जाते आणि तुमचंच नुकसान होतं. वाढवून मात्र लिहू नका, पुढे सॅलरी स्लिप मागतात.

फ्रेशर असाल तर अनुभवाच्या परिच्छेदात कोर्स किंवा इंटर्नशिपमध्ये हाताने केलेलं एक काम लिहा, "सीएच्या ऑफिसात तीन महिने खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत चढवली" असं, आणि नोटीसच्या जागी "लगेच रुजू होऊ शकते". पगाराची ओळ नको.

नाव माहीत नसेल तर मॅडम/सर दोन्ही लिहा. आणि चाळीस एचआरना एकाच मेलमध्ये टाकू नका, प्रत्येकाला वेगळा, कंपनीचं आणि जागेचं नाव दोनदा तपासून.

आधार, पॅन, मार्कशीट, बँकेचं पासबुक पहिल्या मेलला जोडायचं नाही, आयडी नंबरही मजकुरात लिहायचे नाहीत. ती कागदपत्रं निवड झाल्यावर लागतात. पहिल्याच मेलमध्ये ती मागणारा किंवा रजिस्ट्रेशनचे पैसे मागणारा असेल तर तिथेच थांबा.

८. आधी स्वतःला पाठवा

तोच मेल तुमच्या दुसऱ्या आयडीवर पाठवा आणि मोबाइलवर उघडा. तीन गोष्टी बघायच्या. पाठवणाऱ्याच्या जागी काय नाव दिसतंय? कॉलेजात असताना गंमत म्हणून टाकलेलं टोपणनाव किंवा वडिलांनी आयडी काढून दिला म्हणून त्यांचं नाव तिथे दिसत असतं आणि आपल्याला ते एरवी कधी दिसतच नाही. दुसरं, फाइल उघडतेय का आणि पानं किती. तिसरं, मजकूर कुठून कॉपी केला असेल तर अर्धी अक्षरं लहान, अर्धी मोठी असं झालंय का, झालं असेल तर सगळा सिलेक्ट करून Remove formatting करा.

जीमेलच्या सेटिंगमध्ये Undo Send ३० सेकंदांवर ठेवा, तेवढ्यात मेल परत घेता येतो. इंग्रजीत मी फाइल जोडलीये असं लिहिलं आणि जोडली नाही तर जीमेल विचारतं, पण त्यावर विसंबू नका. फाइल राहिलीच तर लाजून गप्प बसू नका, त्याच मेलला रिप्लाय करून एका ओळीत "मघाशी रेझ्युमे जोडायचा राहिला, आता जोडला आहे" एवढंच लिहून पाठवा.

रिक्रूटरने व्हॉट्सअॅपवर मागितला तर Document म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको. Document गेलं की फाइलचं नाव तसंच राहतं, म्हणजे पायरी ४ तिथेही कामाला येते.

९. आठवड्याने आठवण करताना

सात-आठ दिवस काहीच उत्तर आलं नाही तर एकदा विचारायला हरकत नाही. नवा मेल करू नका, जुन्याच मेलला रिप्लाय करा म्हणजे खाली सगळा संदर्भ राहतो. पण इथे एक गोष्ट लक्षात येत नाही: रिप्लाय केला की मजकूर सोबत जातो, जोडलेली फाइल जात नाही. फाइल फक्त फॉरवर्ड करताना सोबत जाते. म्हणून आठवणीच्या मेललाही रेझ्युमे पुन्हा जोडा, त्याच नावाने, आणि वर दोनच ओळी लिहा, कुठल्या जागेसाठी, कुठल्या तारखेला पाठवला होता. दरम्यान नोटीस पिरियड सुरू झाला असेल किंवा शेवटचा दिवस ठरला असेल तर ती तारीख मात्र आवर्जून लिहा. आमच्याकडे ती जागा शेवटी ज्या मुलाला मिळाली त्याच्या दुसऱ्या मेलमध्ये "१५ तारखेला मोकळा होतोय" एवढी एकच नवी ओळ होती, आणि साहेबांना महिनाअखेरीच्या आत माणूस हवा होता.